कोड्यांची चटई

कानडी मुलखातल्या राजाजीनगरातली मराठी समाजाची शाळा, साल शहाण्णव. सुलभाअक्कांच्या तिसरीत बेचाळीस पोरं. त्यातली संहिता पेपर वाचायची आणि गिरीराज जोडाक्षर दिसलं की गप्प बसायचा. सगळ्यांना एकच धडा शिकवून अक्कांचा घसा गेला होता.

मग त्यांनी एकेकाला जवळ बोलावून एक उतारा वाचून घेतला आणि तीन गट पाडून तीन चटयांवर बसवले. कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून नावं नद्यांची दिली: कावेरी, तुंगा, भद्रा. दोन दिवसांत संहिताची आई कस्तुराबाई दारात.

"अक्का, कावेरी म्हणजे हुशारांची ना?"

"नावं आहेत हो नुसती."

"सरी, ठीक आहे. पण आमची कावेरीतच राहू दे."

हेडमास्तर उमाकांतअण्णांनी मदत म्हणून गटांच्या नावांच्या पाट्या रंगवून घेतल्या, आणि कावेरीला पंख्याखाली बसवलं. भद्रेतला गिरीराज वाचनाच्या तासाला पोट धरून बाहेर जाऊ लागला. त्याचे वडील येऊन म्हणाले, "असंच चाललं तर शाळा बदलतो."

अक्कांनी पाट्या उतरवल्या. आता गट फक्त वाचनाच्या पंचवीस मिनिटांपुरते, एरवी सगळे मिसळून. दीड महिन्यानं पुन्हा तपासणी, गट बदलणार. गिरीराजच्या चटईला काम दिलं: चार ओळींची कोडी आठवडाभर मोठ्यानं वाचायची आणि शुक्रवारी वर्गाला घालायची.

शुक्रवारी गिरीराजनं कोडं न अडखळता वाचलं. संहिताला उत्तर येईना.

"स्वल्प डोकं चालव," तो म्हणाला.

त्यानंतर सगळ्यांना, आयाबापांनाही, तीच चटई हवी झाली. तपासणीच्या दिवशी संहिता 'झाड' या शब्दावर अडली.

"झ... झ..."

खिडकीतून कस्तुराबाई कुजबुजल्या, "अजून हळू."

तिच्यासारखी अकरा पोरं अक्षरं विसरली. अण्णांनी तपासणीची वही बघितली. "अक्का, दीड महिन्यात वर्ग उलटा शिकला काय?"

अक्कांनी पुढचं नाव पुकारलं.

शेवटी गिरीराज आला. तोही अडखळला.

"शुक्रवारी तर वाचलंस की."

"ते पाठ होतं, मिस."

खरं की खोटं, अक्कांना कळेना. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सोमवारपासून सगळ्याच गटांना कोडी. ज्याच्या त्याच्या मापाची."

"आमची चटई जाणार?"

"चटई राहणार. कोडी सगळ्यांची होणार."

गिरीराजनं थोडा विचार केला, कागद पुढं ओढला आणि उतारा वाचला. दोन जोडाक्षरांवर खरंच अडला, पण थांबला नाही.

"मग मी कुठं?"

"पुढच्या गटात. कोडी सहा ओळींची."

"आणि संहिता?"

"तिचं उद्या परत वाचून घेते," अक्का म्हणाल्या. "खिडकी लावून."