बाराशेच्या पुढची हवा

धरणाच्या भिंतीलगत आमचा तराफा होता. पुतण्या पाणबुड्या, त्याची हवेची नळी सोडणारा मी, आणि हवेचा हिशेब इंजिनियर बाईंकडे. तळाच्या दरवाज्यापाशी मागच्या वर्षी पुतण्याचा जोडीदार अडकला, तो वर आलाच नाही. त्याला शोधायला पुतण्या सकाळी उतरून आला होता, दुपारी त्याला पुन्हा उतरायचं होतं. जाऊ द्यायचं की नाही, हे मला आणि बाईंना ठरवायचं होतं.

बाईंची रीत अशी, की टाकीचा काटा बघायच्या आधी हेल्मेटमधल्या यंत्राने काढलेली श्वासाची रेघ बघायची. त्या म्हणाल्या, "रेघ वीसच्या खाली नाही, तीसच्या वर नाही. मिनिटाला कमीत कमी वीस लिटर, जास्तीत जास्त तीस. चाळीस मिनिटं खाली होता. म्हणजे एकूण हवा आठशे आणि बाराशेच्या मधेच."

मग काटा पाहिला. टाकीतून पंधराशे गेले होते.

पुतण्या हसून म्हणाला, काकाच वर बसून चोरून ओढत असतील. बाई हसल्या नाहीत. सगळा वेळ तीसनेच श्वास घेतला असता तरी बाराशे झाले असते, त्याच्या पुढे रेघ जाऊच देत नाही, असं त्या म्हणाल्या. यंत्र तपासलं, बरोबर निघालं. टाकीपासून पाण्यापर्यंतच्या नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने पाहिले, एकही बुडबुडा नाही. म्हणजे निदान तीनशे लिटर हेल्मेटमधून गेलेच नव्हते.

राहिला नळीचा फाटा. दुसरा पाणबुड्या संकटात आला तर त्याने तोंडात धरायचा, ओढला तरच हवा देणारा. तो अजून दरवाज्यापाशीच लोंबत होता. पुतण्याने हेल्मेट काढून बाजूला ठेवलं होतं, त्याची तोटी बंद होती.

"काका, काट्याकडे बघा," बाई हळूच म्हणाल्या.

काटा उतरत होता.

गळती असेल, मी म्हणालो. गळतीचे बुडबुडे सलग येतात. पण समोर पाण्यावर बुडबुड्यांचा एक झुबका येई, थांबे, मग दुसरा येई. बाईंनी घड्याळ लावलं. दहा मिनिटांत दोनशे चाळीस लिटर गेले.

"माणसाच्या श्वासाची हीच हद्द. दोनशे ते तीनशे," त्या म्हणाल्या.

पुतण्या हेल्मेट उचलू लागला. मी त्याचा हात धरला. खाली जायचं नाही, मी सांगितलं, आणि टाकीची तोटी बंद करायला दुसरा हात पुढे केला.

"नका ना काका," तो म्हणाला. "जात नाही मी. पण तोटी राहू द्या."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मी तोटीकडे नेलेला हात मागे घेतला, आणि तिघंही तराफ्यावर बसून राहिलो. काटा शून्यावर आला, आणि समोरचं पाणी हळूहळू गुळगुळीत झालं.