चोवीस बाय अठराचं आकाश

देवदत्तला एखादी गोष्ट पटली, की ती जगाला पटलीच पाहिजे, हे मालिनीला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. शिरगावच्या नव्या फ्लॅटमधला कोनाडा त्याला असाच पटलेला होता. हॉलच्या भिंतीत इंटिरियरवाल्याने चोवीस इंच रुंद, अठरा इंच उंच असा खड्डा ठेवून वर पिवळा दिवा बसवला होता. त्यात म्हणे अप्पांचं चित्र शोभेल. वास्तुशांतीला येणाऱ्या ऑफिसच्या लोकांना सांगता येईल, वडील आर्टिस्ट आहेत.

अप्पा म्हणजे विष्णुपंत, मालिनीचे सासरे. जन्मभर एका केमिकल कंपनीत ड्राफ्ट्समन होते, आणि रविवारी जलरंगात चित्रं काढायचे. आता हात थरथरतो, म्हणून ब्रश बंद झाला. त्यांनी काढलेलं आणि जपलेलं असं हे एकच चित्र अंबरनाथ पूर्वेच्या जुन्या घरात उरलं होतं. शिरगावचीच भातखाचरं, मागे तावलीचा डोंगर, आणि अर्ध्याहून जास्त कागदावर श्रावणातलं आकाश. ज्या खाचरावर आज देवदत्तची बिल्डिंग उभी होती, ते त्याच चित्रात कुठेतरी होतं. देवदत्तने ते कधी शोधलं नव्हतं.

जुनी फ्रेम काढायचीच होती. मधे माउंट, म्हणजे चित्राभोवती लावतात ती जाड पुठ्ठ्याची किनार, नसल्यामुळे काच थेट कागदाला टेकली होती, आणि दमट हवेने डोंगराच्या कडेला बुरशीचे ठिपके उठले होते. मालिनी चित्र घेऊन उल्हासनगरला चंदरच्या दुकानात गेली. चंदर सिंधी, बोलायला गोड, हाताचा चपळ. तिने घरी काचेवरून माप घेतलं होतं, साडेएकवीस बाय साडेचौदा. चंदरने मागचे खिळे काढून चित्र सोडवलं आणि पट्टी लावली, तर भरलं बावीस बाय पंधरा. फ्रेमची कड चारी बाजूंनी पाव इंच चित्र खाते, ते काचेवरून दिसत नाही. माप नेहमी उघडून घ्यायचं, हे मालिनीने मनात नोंदवलं.

मग त्याने पांढरा माउंट बोर्ड काढून समजावलं. माउंटची खिडकी चित्रापेक्षा पाव इंच आत घ्यायची, म्हणजे कागद तिच्यामागे धरला जातो. तीन बाजूंना तीन इंच आणि खाली साडेतीन. खाली थोडं जास्त ठेवलं नाही तर चित्र घसरल्यासारखं दिसतं. म्हणजे काच साडेसत्तावीस बाय एकवीसची.

"कोनाडा चोवीस बाय अठराचा आहे," मालिनी म्हणाली.

"तर मग माउंट सोडा, भाभी. काचेच्या आत कडेकडेने बारीक पट्टी लावतो, काच कागदाला टेकणार नाही. पुरानी साइजचीच फ्रेम बनेल. आरामसे बसेल."

जुनी फ्रेम बाहेरून साडेतेवीस बाय साडेसोळा होती. तिच्याच मापाने तर कोनाडा केला होता. मालिनी समाधानाने घरी आली, आणि तिथेच चुकली, कारण तिने हे देवदत्तला सांगितलं.

देवदत्तचं तोंड आंबलं. माउंट नसलेलं चित्र त्याला कॅलेंडरसारखं वाटत होतं. ऑफिसातल्या साहेबाच्या घरच्या चित्राला कशी रुंद पांढरी किनार होती, तशीच हवी होती. नाकापेक्षा मोती जड, हे मालिनीने तोंडावर सांगून पाहिलं. तो हसला, उठून गॅलरीत गेला आणि फोनवर बोलत राहिला. तो कोणाशी बोलत होता, हे तिला वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी कळलं.

चंदरने फ्रेम कागदातून सोडवली. दीड इंची सोनेरी पट्टी, लख्ख काच, तीन इंची पांढरीशुभ्र किनार. आणि मधे एक चित्र, जे तिच्या ओळखीचं नव्हतं. डोंगराचा माथा थेट किनारीला टेकला होता. वरचं आकाश गेलं होतं. उजवीकडची खाचरं गेली होती, आणि त्यांच्याबरोबर अप्पांची सही.

चंदर म्हणाला, देवदत्तसाहेबांचा फोन आला होता. चोवीस बाय अठराच पाहिजे, माउंट तीन इंचच पाहिजे, बसत नसेल तर चित्र कापा, वर नुसतं आकाशच आहे. त्याने वरून तीन इंच आणि बाजूने साडेतीन घेतलं होतं. बोलताना तो काउंटर पुसत होता, तिच्याकडे बघत नव्हता. कापलेले तुकडे तिने मागितले. ते निघाले टेबलाखालून. आकाशाच्या पट्टीवर त्याने बॉलपेनने हिशेब केला होता, अठरा बाय साडेअकरा, खाली दोन रेघा मारून. सहीच्या तुकड्यावर ब्लेडची धार पाहिल्याचे काप होते.

चंदरच्या हाताची किळस आली, पण ती थोडी. खरी किळस आली ती गॅलरीत हसत उभ्या राहिलेल्या त्या माणसाची, ज्याच्या ताटात तिने रोज पोळी वाढली. बापाचं चित्र कापा असं सांगताना त्याचा आवाजही खाली आला नसेल. फ्रेम पायाशी ठेवून, तुकडे पदराशी धरून ती शिरगावच्या रिक्षात बसली.

पूजेच्या सकाळी पाहुणे जमले, गुरुजी आले. देवदत्तने फ्रेम उचलून कोनाड्याला लावली. ती आत जाईना. त्याने तिरकी करून पाहिली, खालून सारली, तळहाताने ठोकली. फ्रेम भिंतीवरच अडून राहिली.

देवदत्तच्या साडूने मोजायची टेप आणली. फ्रेम बाहेरून साडेसव्वीस बाय साडेवीस भरली. देवदत्तने चंदरला फोन लावला, तेव्हा चंदरला सगळं कळलं आणि देवदत्तला काहीच नाही. फ्रेमवाल्याला सांगितलेलं माप म्हणजे काचेचं माप, लाकडी पट्टी त्याच्या बाहेर येते, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक. देवदत्तने सांगितलं होतं ते कोनाड्याच्या भोकाचं माप.

म्हणजे चित्र कापून कोनाड्यात बसलंच नाही, आणि न कापता बसलं असतं. मालिनीने हे मनात दोनदा म्हटलं, तरी गिळता येईना.

देवदत्तने कपाळ पुसलं. पाहुण्यांसमोर तोल सांभाळत तो म्हणाला, "काही नाही, अजून अडीच इंच काढता येतील. वर डोंगरच आहे नुसता."

मालिनीने त्याच्या हातातून फ्रेम काढून घेतली. "तुमच्या कोनाड्यात तुम्हीच बसा," ती म्हणाली. आवाज तिने मुळीच खाली आणला नाही. साडू खोकला. गुरुजी पळीतल्या पाण्याकडे बघत राहिले.

अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. तिने फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पिशवीतून तुकडे काढून दिले. त्यांनी चष्मा पुसला. आकाशाची पट्टी काचेवर डोंगराच्या माथ्याशी धरली. मधे माउंटची पांढरी किनार आडवी येत होती, तरी थरथरत्या बोटांनी ते रेषा जुळवत राहिले. मग पट्टी उजेडात धरून तो बॉलपेनचा हिशेब त्यांनी नीट वाचला. अठरा बाय साडेअकरा. वजाबाकी बरोबर आहे का, तेही पाहिलं असावं.

देवदत्त जवळ येऊन उभा राहिला होता. अप्पांनी मान वर केली नाही.

"पेन्सिलनं लिहायला सांगायचं होतंस रे," ते म्हणाले. "पुसता तरी आलं असतं."