सर्वांना मान्य

इसोमुरा कानाएच्या इतिवृत्तांबद्दल आजवर एकही तक्रार आली नव्हती, आणि या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता. ओसाकाच्या दक्षिणेकडच्या सहा इमारतींचं कामकाज कंपनीतर्फे ती एकटी पाहायची. प्रत्येक इमारतीत रहिवाशांचं मंडळ, मंडळाची दरमहा बैठक, आणि बैठकीचं इतिवृत्त लिहायचं कानाएने. "इसोमुराच्या कागदाला कुणी नाक मुरडत नाही," असं तिचे साहेब चारचौघांत म्हणायचे. नाक मुरडणार कोण? तक्रार करणारा माणूस प्रत्येक इमारतीत एकच असतो, आणि त्याला काय आवडतं ते कानाएला नीट ठाऊक होतं.

या नऊमजली इमारतीत तो माणूस म्हणजे किताओकासान. सगळं आयुष्य मासळीच्या लिलावात गेलेलं, त्यामुळे साधं "नमस्कार" म्हणाले तरी भाव पुकारल्यासारखं वाटायचं. बैठकीत कानाए आवाज टिपायचं यंत्र न चुकता त्यांच्याच पुढ्यात ठेवायची. नाहीतर पुढच्या महिन्यात "मी एवढं बोललो, ते कुठं गेलं?" हे ठरलेलं.

या वेळचा विषय होता मागचं फाटक. तिथल्या उतारावरून सामान पोचवणाऱ्यांच्या स्कूटर सुसाट आत शिरायच्या. किताओकासानांची नात त्यातल्या एकीखाली येता येता वाचली होती. फाटकाला कायमचं कुलूप आणि उतारावर लोखंडी कठडा, असा त्यांचा प्रस्ताव. तो त्यांनी तासभर मांडला, मधे तेच तेच तीनदा सांगितलं, चौथ्यांदा टेबलावर थाप मारून सांगितलं. अध्यक्ष मोरिगुचीसान "हो, हो" करत मान डोलवत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाची काही हरकत?" आणि उत्तराची वाट न पाहता झाकण उघडलेल्या चहाच्या बाटलीला हात घातला. कुणी काही बोललं नाही. कानाएने नेहमीसारखं लिहिलं: सर्वांना मान्य. वार्षिक सभेपुढे मंडळाची एकमुखी शिफारस ठेवावी.

एकमुखी शिफारस म्हणजे काम फत्ते. वार्षिक सभेला येतात किती जण? बाकीचे मंडळाने शिफारस केली म्हणून मतपत्रिकेवर होकार भरून पेटीत टाकतात आणि मोकळे होतात.

इतिवृत्तावर सहीच्या जागी अध्यक्षांचा आणि मंडळातल्या दोघांचा नावाचा शिक्का लागतो. या खेपेला दोघांपैकी एक होते सहाव्या मजल्यावरचे तातेबेसान. पंचाहत्तरी उलटलेले, बैठकीत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसणारे. दुपारी कानाए त्यांच्या दारात गेली. त्यांनी चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. 'सर्वांना मान्य' या ओळीपाशी त्यांचं बोट जरा थांबलं. मग त्यांनी शिक्का घेतला, तोंडाजवळ नेऊन त्यावर हलकी फुंकर घातली आणि नीट सरळ उमटवला.

"तुम्हाला उगाच इतक्या वर यावं लागलं," ते म्हणाले.

"छे, छे, माझं कामच आहे," म्हणत कानाए नमस्काराला वाकली, आणि वाकलेली असतानाच तिला बुटांच्या कपाटाशेजारी घडी करून ठेवलेली चाकांची खुर्ची दिसली. नवी कोरी, भाड्याने देणाऱ्या दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती.

"बाईसाहेब घरी येताहेत का?"

"पुढच्या महिन्यात. इस्पितळवाले म्हणतात, आता घरीच बरं."

"अगबाई, छान झालं. पण पुढच्या दाराला तर पायऱ्या आहेत. तुम्ही त्यांना..." कानाए बोलता बोलता थांबली.

"मागून न्यायचा विचार होता," तातेबेसान म्हणाले. "म्हणून ते मागचं जरा..."

आणि नुसतेच हसले. हेच शब्द, याच आवाजात तिने आधी ऐकले होते. कुठे, तेही तिला लगेच आठवलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

गाडीत बसून तिने यंत्र सुरू केलं. आवाज पूर्ण वाढवला की किताओकासान कानठळ्या बसवत, कमी केला की बाकी सगळे नाहीसे होत. तरी तिने मागेपुढे करत ऐकलं. होतं. स्पष्ट होतं. "मागचं फाटक जरा... आमच्याकडे जरा..." एवढं तातेबेसान म्हणाले होते, आणि त्यावर किताओकासानांनी स्कूटरचा नंबर सांगायला सुरुवात केली होती. थोड्या वेळाने पुन्हा, "कुलूप दिवसा उघडं ठेवता आलं तर..." त्या वाक्यावर टेबलावरची थाप पडली होती. इथली माणसं नाही म्हणायचं असलं की वाक्य अर्ध्यावर सोडतात. बाकीचं समोरच्याने समजून घ्यायचं असतं. कानाए इथलीच. लहानपणापासून अशी अर्धी वाक्यं ती समजून घेत आली होती. फक्त इतिवृत्त लिहिताना तिला ती समजत नसत, कारण समजून घेतली असती तर किताओकासानांना फोन करून 'सगळ्यांना मान्य नाही' असं सांगावं लागलं असतं.

आणखी एक निघालं. तिच्या कागदावर लिहिलं होतं: 'कठड्यासाठी दुसऱ्या कंत्राटदाराचाही दर मागवावा, अशी मौलिक सूचना किताओकासान यांनी केली.' यंत्रात ती सूचना आधी केली होती तिसऱ्या मजल्यावरच्या नागाएसानांनी, बालवाडीत शिकवणाऱ्या, मुलांना झोपवताना बोलतात तेवढ्याच आवाजात. पाच मिनिटांनी तीच किताओकासानांच्या तोंडून गरजत बाहेर आली. कानाएने गरजणं ऐकलं आणि वर 'मौलिक' हा शब्द पदरचा घातला.

तिला इतकी लाज वाटली की गाडीत कुणी नसूनही तिने तोंडावर हात धरला. 'इसोमुराच्या कागदाला कुणी नाक मुरडत नाही' हे साहेबांचं वाक्य आठवलं तशी तिने यंत्र बंद केलं. सहा इमारती, इतकी वर्षं. आणखी किती तातेबेसानांनी फुंकर घालून शिक्के मारले असतील?

ऑफिसात येऊन तिने सगळं नव्याने लिहिलं. पहिला खर्डा रागाच्या भरात उतरला: किताओकासान यांनी इतरांना बोलू दिले नाही, टेबलावर हात आपटला, वगैरे. वाचून बघितला आणि पुन्हा शरमली. थाप त्यांनी मारली होती, पण 'सर्वांना मान्य' त्यांनी लिहिलं नव्हतं. शिवाय त्यांची नात खरोखरच थोडक्यात वाचली होती. ते भय खोटं नव्हतं.

मग तिने कोण किती बोललं हे बाजूला ठेवलं आणि मुद्दे मांडले. फाटकातून होणारा धोका: किताओकासान, नातीची घटना, दोन ओळी. चारदा सांगितलं म्हणून चारदा लिहायचं नाही. दुसरा दर मागवावा: नागाएसान, किताओकासानांचा दुजोरा. फाटक दिवसा उघडं असावं: तातेबेसान. आणि शेवटी: अध्यक्षांनी हरकत विचारली, मत घेण्यात आले नाही, निर्णय झाला नाही.

तातेबेसानांचं पहिलं वाक्य मात्र अर्धंच होतं. ते स्वतःच्या मनाने पुरं करायचा मोह झाला तिला. चाकांची खुर्ची तिने डोळ्यांनी पाहिली होती की! पण बैठकीत ते खुर्चीबद्दल बोललेच नव्हते. न बोललेलं घालणं म्हणजे बोललेलं गाळण्याचीच दुसरी तऱ्हा. ती पुन्हा सहाव्या मजल्यावर गेली.

"तातेबेसान, परवा मी चुकीचं लिहिलं. तुमचं म्हणणं गाळलं. माफ करा." ती बराच वेळ वाकून राहिली. "तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं, ते सांगाल?"

"अहो, राहू द्या. माझ्या एका घरासाठी सगळ्यांना त्रास कशाला?"

"कुणाला किती त्रास ते मंडळ ठरवेल. मी फक्त लिहिणार."

त्यांनी बुटांकडे पाहिलं. "मागच्या उताराशिवाय बायकोला घरात आणता येणार नाही," ते म्हणाले. एवढंच. पूर्ण वाक्य. कानाएने ते लिहिलं, पुढे 'बैठकीनंतर खुलासा' असं टिपलं, आणि त्यांना वाचून दाखवलं.

अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इसोमुरासान, शिक्के झालेत ना? किताओकासान घर डोक्यावर घेतील."

"शिक्के चुकीच्या कागदावर झालेत. तो कागद माझा होता. मी तसंच सांगेन."

"माझं नाव नका घेऊ म्हणजे झालं."

पुढच्या बैठकीत कानाएने यंत्र टेबलाच्या मधोमध ठेवलं, जरा तातेबेसानांच्या बाजूला. मग उभी राहून नवं इतिवृत्त वाचलं आणि जुनं रद्द करण्याची विनंती केली.

"थांबा, थांबा," किताओकासान म्हणाले. "मी तासभर बोललो आणि दोनच ओळी?"

"मुद्दा दोन ओळींचा होता, किताओकासान. एकही गाळला नाही. नातीचं सगळ्यात आधी लिहिलं आहे."

नागाएसानांनी हळूच तोंडावर रुमाल धरला. किताओकासानांनी कागद ओढून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला. खालच्या ओळीशी आल्यावर त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसात आला.

"तातेबेसान, तुम्ही हे बोललात? कधी?"

कानाएनेच सांगितलं. "तुम्ही बोलत होतात तेव्हा."

किताओकासानांची मान लाल झाली. ते मुळात वाईट नव्हते, फक्त ऐकण्याची सवय नव्हती. "अहो, मग माझ्या अंगावर ओरडायचं ना. वहिनींना काय खिडकीतून आत घ्यायचं होतं? दिवसा उघडं ठेवू, रात्री कुलूप. स्कूटरवाल्यांचं मी बघतो." मग काहीतरी खटकल्यासारखे ते पुन्हा कागदाकडे वळले. "पण हे समजत नाही. सर्वांना मान्य असं लिहिलेल्या कागदावर तुम्ही शिक्का मारलातच कसा?"

तातेबेसानांनी चष्मा काढला, पुसला. कुणावर आळ यायला नको अशा काळजीने, अगदी हळू बोलले.

"इसोमुरासान नीट लिहितात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी सर्वांना मान्य लिहिलं होतं. मी वाचलं. वाटलं, मग मीही मान्य केलं असेल. हल्ली विसरायला होतं."

कानाएला वर बघवेना. तिने पेन उचललं आणि हे बोलणं जसं होतं तसं, त्यांच्या नावासह उतरवून घेतलं.