सत्तावन्न तपासण्या

विनयाचा तक्ता साऱ्या ऑफिसात गाजला होता. डेराबस्सीच्या त्या कीटकनाशकांच्या कारखान्यात ती कर्मचारी अधिकारी होती. नवरा हवाई दलात, बदलीवर चंडीगडला आलेला, आणि हातात नोकरी मिळाली म्हणून ती खूश. मार्चमध्ये मिश्रण-शेडमधल्या पंधरा कामगारांची वार्षिक तपासणी करायची होती. दर बुधवारी कारखान्यात येणाऱ्या डॉक्टर इंद्रजित सिंगांनी सहा तपासण्यांची यादी दिली होती. त्या यादीचे माणशी चारशे ऐंशी रुपये पडत होते. तेवढ्यात चंडीगडच्या सेक्टर १७ मधल्या एका नव्या लॅबचं चकचकीत पत्रक आलं. सत्तावन्न तपासण्या, तीनशे नव्याण्णव रुपयांत.

विनयाने भागाकार केला. डॉक्टरांची तपासणी ऐंशी रुपयांना एक, लॅबची सात रुपयांना एक. आता यात विचार करायचं काय राहिलं? जनरल मॅनेजर हर्षवर्धन साहेबांनी तक्ता पाहून टेबलावर थाप मारली. "मॅडम, यह हुई न बात!" डॉक्टरांच्या यादीत एक अवघड नाव होतं, कोलिनेस्टरेज. ते पॅकेजमध्ये नव्हतं. पण सत्तावन्नात एक नसलं तर काय बिघडतं, असं तिला वाटलं आणि तिने डॉक्टरांना विचारलंही नाही.

एप्रिलपासून शेड धडाक्याने सुरू झाली. जुलैत श्यामसुंदर तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. वजनकाट्यावरचा हा जुना माणूस कधी रजा मागायचा नाही.

"मॅडमजी, आँखों के आगे धुआँ-सा रहता है. मुँह में पानी भर आता है."

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवर टॉर्च मारली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी त्याला त्याच क्षणी शेडच्या कामातून बाजूला केलं, औषध दिलं आणि पंधराही जणांचं रक्त कोलिनेस्टरेजसाठी पाठवलं. रिपोर्ट आले. श्यामसुंदरचा आकडा पाच हजार चारशे, नॉर्मल चार हजार नऊशे ते अकरा हजार नऊशे. बाकी चौदाही त्याच हद्दीत. हर्षवर्धन साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"मार्चचा आकडा द्या," डॉक्टर म्हणाले.

विनयाने पॅकेजची फाईल पुढे केली. डॉक्टरांनी पेन घेतलं. रक्ताच्या एका नळीतून मशीन जे मोजतं ते वीस, लघवीच्या एका नमुन्यातले चौदा, यकृताचे अकरा, चरबीचे आठ. त्यातले काही तर नुसते वजाबाकी-भागाकाराने काढलेले. उरलेले साखर, युरिया, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड. एकेका तपासणीचे तुकडे मोजून सत्तावन्न केले होते. कीटकनाशक अंगात उतरलं की रक्तातलं कोलिनेस्टरेज घसरतं; ते सांगणारी एकही तपासणी त्यात नव्हती.

"हद्द फार रुंद असते," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "म्हणून हंगामाआधीचा प्रत्येकाचा स्वतःचा आकडा लागतो. त्याच्यावरूनच घसरण कळते. तो आता कुठल्याच लॅबमध्ये विकत मिळणार नाही."

विनयाला आपला तक्ता आठवला. सात रुपयांचा तो हिशेब तिने किती तोऱ्यात मांडला होता!

श्यामसुंदर सहा आठवडे शेडबाहेर राहिला. सप्टेंबरात पुन्हा रक्त गेलं. आकडा आला आठ हजार नऊशे. म्हणजे जुलैत तो जवळजवळ चाळीस टक्क्यांनी खाली गेलेला होता, आणि कागदावर मात्र नॉर्मल होता. बाकीचे चौदाजण तसेच नॉर्मल होते आणि अजून रोज शेडमध्ये जात होते.

डॉक्टरांनी सगळ्यांना शेडबाहेर ठेवा, असं लेखी दिलं. हर्षवर्धन साहेब भडकले. "सीझन संपू द्या. रिपोर्ट नॉर्मल आहेत ना सगळ्यांचे? त्या पॅकेजची निवड केली तरी कोणी?"

"मी केली, सर. डॉक्टरांची यादी मी बाजूला सारली." तिने डॉक्टरांचा कागद साहेबांपुढे सरकवला. "आणि कारखाना निरीक्षकांनी विचारलं तर मी हेच सांगणार आहे."

निरीक्षकांचं नाव ऐकताच साहेबांनी पेन उघडलं. मग त्यांनी डॉक्टरांच्या कागदावर सही केली.

कामगारांना सांगायला ती स्वतः गेली. चौदाही जण दोन रांगांत उभे राहिले, मास्क गळ्यात लोंबत होते. तिने सगळं सांगितलं, आपलं नावही गाळलं नाही. कोणी चिडेल, शिव्या देईल, अशी तिची तयारी होती. मागच्या रांगेतल्या एकाने फक्त विचारलं, "पर मॅडमजी, मार्च की रिपोर्ट में तो आप ही ने कहा था, सब ठीक है. सत्तावन की सत्तावन."

"हाँ," विनया म्हणाली. "मैंने गिना था. पढ़ा नहीं था."

कामगारांपैकी दोघांनी डोळे चोळले. ते श्यामसुंदरसारखा धूर दिसत होता म्हणून चोळले की नुसत्या थकव्याने, ते सांगणारा आकडा तिच्यापाशी नव्हता.