शुक्रवारच्या सहा स्लाइड

सौंसरला आमच्या स्वयंपाकघरात चालणाऱ्या बेकरीची पोस्ट दर शुक्रवारी इन्स्टाग्रामवर जाते. पहिल्या स्लाइडवर खिडकीतली संत्र्याची झाडं, सहाव्या स्लाइडवर ओव्हनचा पिवळा उजेड. मधल्या चारांवर मी बाळाला थोपटावं तसं हळू लिहिते. 'घ्या' असं कधीच म्हणत नाही.

या शुक्रवारी संत्र्याच्या बहाराच्या वासानं दुपारी माझा डोळा लागला, आणि नणंद भाग्यश्रीनं लिहून टाकलं, 'धमाका ऑफर! त्वरा करा!'

मी भडकले.

"लाइक तं दुप्पट येऊन राहिले, वहिनी!"

तेवढ्यात पांढुर्ण्याच्या मालतीकाकूंचा फोन आला. त्या दर शुक्रवारी वाचतात, पण आम्ही कधी भेटलो नाही.

"काऊन वं पोरी, बेकरी विकून टाकली का?"