सतरा अक्षरांचा ससा

विमल लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे पाँडिचेरीत वाढली, फ्रेंच शाळेत शिकली. लग्न होऊन अमरावतीला आली. तिची एक शाळासोबतीण लंडनच्या मुलांच्या साप्ताहिकात होती. १९६१ पासून ती फ्रेंच विनोदी चित्रपट्ट्यांच्या, म्हणजे कॉमिक्सच्या, छायाप्रती इंग्रजीत करायला विमलकडे पाठवायची. विमलचं फ्रेंच पक्कं होतं, पण इंग्रजीतला विनोद तिला सुचत नसे. तो सुचायचा तिचा थोरला भाऊ उद्धव याला. तो अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा.

चौसष्टच्या मार्चमध्ये उद्धवला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. विमल भेटायला गेली तेव्हा पिशवीत एक पट्टी होती. ती दाखवावी की नाही हे तिचं ठरत नव्हतं. त्यानंच खूण करून मागितली.

"मले सांग," तो सावकाश म्हणाला, "काय म्हणते फ्रेंच?"

चित्रात एक माणूस हॉटेलात एकटाच ताटकळत बसलेला, समोरच्या खुर्चीवर ससा, माणसाच्या तोंडाशी संवाद लिहायचा फुगा.

"दादा, 'तिनं माझ्यापुढे ससा ठेवला' असं तो म्हणतो. म्हणजे भेटायचं ठरवून ती आलीच नाही. इंग्रजीत असं म्हणतच नाहीत, आणि चित्रातला ससा तर काढून टाकता येत नाही."

"फुगा?"

"लहान आहे. खाली वेटरचं डोकं, वाढवता येत नाही. अठराच्या वर अक्षरं बसणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डाव्या हातानं पाटीवर वेडीवाकडी अक्षरं काढली: SOME BUNNY FORGOT ME! बनी म्हणजे ससुला, आणि भरभर वाचलं की 'समबडी', कुणीतरी मला विसरलं. विमलनं मोजली. सतरा. फ्रेंचमध्येही सतराच होती. ती इतकी हसली की सिंधूवहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

छापील अंक बोटीनं जूनमध्ये आला. मे महिन्यात उद्धवला दुसरा झटका येऊन गेला होता. विमल अंक घेऊन अकोल्याला गेली, पान त्याच्यासमोर धरलं.

"दादा, हे तुझं. जसंच्या तसं छापलं."

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाला, "ससा."

"हो. आणि वरती काय लिहिलंय?"

त्याचं बोट सशावरच राहिलं. तिनं मोठ्यानं वाचलं, मग भरभर वाचलं, मग मराठीत समजावलं. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता, शाळेत काही न समजलेलं पोर बघतं तसं.

"राहू द्या वन्सं," सिंधूवहिनी हळूच म्हणाल्या. "थकून राहिले ते."

पावसाळ्यात पुढची पट्टी आली. आभाळातून दोरखंड पडताहेत आणि छत्रीखाली एक म्हातारा. मुसळधार पावसाला फ्रेंच लोक दोर पडतात म्हणतात, इंग्रज कुत्री-मांजरं पडतात म्हणतात. पण चित्रात दोरच होते. विमल तीन दिवस ते पान घेऊन बसली. इंग्रजीतले दोराचे सगळे शब्द तिनं कोशातून काढून पाहिले. शेवटी फुग्यासाठी लिहिलं: WHAT WEATHER! काय हे हवामान! अकरा अक्षरं, सहज बसत होती; दोर मात्र त्यात कुठेच नव्हते.

लंडनहून काहीच तक्रार आली नाही.