मालकिणीची सही

सिंधूच्या सासूचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं, आणि लातूरच्या त्या भाड्याच्या फ्लॅटला वीज यायची खाली राहणाऱ्या रेवणप्पाच्या मीटरवरून. त्याचं डोकं फिरलं की तो वरच्या विजेचं बटणच पाडायचा. म्हणून सिंधू स्वतःच्या मीटरसाठी अर्ज करणार होती. कागद घेऊन ती खाली त्याच्याकडे गेली.

"आधार हाय, भाडेकरार हाय, वायरमनचा चाचणी अहवालबी हाय. घरमालकाची संमती तेवढी राहिली, काका. ती जोडली की ऑनलाइन अर्ज जातो. मग वीज कंपनीचा माणूस जागा बघून जाईल, कोटेशनचे पैसे भरले की मीटर."

"मीटर तुझ्या नावावर झालं की उद्या घरबी माझंच म्हणशील! सही न्हाई."

"मीटरनं घर कुणाचं होत न्हाई."

"मला कायदा शिकवायलीस?" रेवणप्पानं उठून खाडकन बटण पाडलं. वर वीज गेल्याचा इशारा देत मशीन ठणाणा करू लागलं.

स्वयंपाकघरातून त्याची बायको उमादेवी आल्या आणि त्यांनी आधी बटण वर केलं. बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क कमी लागतं, म्हणून रेवणप्पानंच वरचा फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला होता. भाडेकरारावर सहीही त्यांचीच होती. तरी सिंधूसकट सगळी गल्ली मालक त्यालाच म्हणायची, कारण ओरडायचा तोच.

"पेन आण गं सिंधू. घर माझं हाय, सही माझी चालती."

"उमे, आत जा!"

"जाते की," सही करत त्या म्हणाल्या, "पण हिचं मीटर बसूस्तोवर त्या बटणाला हात लावून बघा."

त्या आत गेल्या नाहीत. बटणाशीच पाट टाकून भाजी निवडत बसल्या.